स्वमूल्यांकन: आकडा कशाचा आणि कुणाचा?

वर्षभरात केलेली सगळी कामं लिहिली की स्वमूल्यांकन भक्कम होतं, हा सर्वांत रुळलेला गैरसमज आहे. लेखा विभागातला कर्मचारी लिहितो, 'ग्राहकांकडील येणी वसूल करण्यासाठी पाठपुरावा केला.' पण पाठपुरावा करणं हे तर त्याचं नेमून दिलेलं कामच. त्यातून काय बदललं, ते या वाक्यात कुठेच नाही.

समजा, चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची येणी ३१ मार्च २०२४ रोजी ४ कोटी रुपये होती आणि त्यातली ६० लाखांची ९० दिवसांहून जुनी होती. वर्षभराने एकूण येणी ५ कोटींवर गेली, जुनी मात्र ४० लाखांवर आली. 'जुनी येणी ३३ टक्क्यांनी घटवली' एवढं लिहिलं की पुरे, असं इथे वाटतं. पण थकलेली बिलं तिनाची दोन झाली, तरी घट ३३ टक्केच भरते. म्हणून दोन्ही तारखांच्या रकमा द्याव्या लागतात. धंदा वाढल्याने एकूण येणी वाढली, तरी त्यांत जुन्यांचा वाटा १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला, हेही सांगावं लागतं.

मोजपट्टी दोन्ही वर्षी एकच हवी. गेल्या वर्षी दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले आणि यंदा उधारीची ४५ दिवसांची मुदत संपल्यापासून, तर काहीही न करता जुनी येणी कमी दिसतात. मुरलेला वरिष्ठ पहिली शंका इथेच काढतो.

सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं की गुण वाढतात, हाही भ्रमच. घटलेल्या २० लाखांपैकी ८ लाख संचालकांनी एका ग्राहकाशी बोलणी करून सोडवले असतील, तर ते वरिष्ठांना ठाऊक असतंच. उरलेल्या १२ लाखांमागे मात्र कर्मचाऱ्याची स्वतःची करामत असू शकते: बिलावरचा खरेदी आदेशाचा क्रमांक चुकल्याने ग्राहक बिलं परत पाठवत होते, त्याने बिल निघण्यापूर्वी क्रमांक ताडून पाहण्याची पद्धत लावली आणि परतीची बिलं महिन्याला १२ वरून ३ वर आली. फॉर्ममध्ये ८ लाखांची नोंद वेगळी करून हे कारण लिहिलं, तर दावा टिकतो.

मनुष्यबळ किंवा प्रशासनाच्या कामात आकडे नसतात, ही समजूतही खरी नाही. रिकामी जागा भरायला लागलेले दिवस, पगारपत्रकात नंतर कराव्या लागलेल्या दुरुस्त्या हे मोजता येतंच.

हे सगळं मार्चअखेरीस आठवून लिहिता येईल, असं मानणाऱ्याच्या फॉर्ममध्ये बहुधा जानेवारीनंतरचीच कामं उतरतात. दर महिनाअखेरीचा येणी अहवाल आणि परत आलेल्या बिलांचे ई-मेल एका फोल्डरमध्ये ठेवले, तर जुने आकडे शोधत बसावं लागत नाही. चांगला फॉर्म म्हणजे हमखास मोठी पगारवाढ, असंही नाही. ती विभागाच्या तरतुदीवर आणि इतरांच्या श्रेणीवरही ठरते.