सु. द. आणि सु. दा.

एकाच नावाच्या दोन शेजाऱ्यांची पत्रे आणि फोन एकमेकांकडे जातात, अशी कथा लिहिताना आधी घोटाळा नेमका कुठे होतो हे ठरवावे लागते. तो वाचकाला पटला, तरच पुढचे सारे खरे वाटते.

समजा, 1980 च्या दशकातली चाळ आहे. बारा नंबरच्या खोलीत सुरेश दत्तात्रय पाटील राहतात आणि तेरामध्ये सुरेश दामोदर पाटील. मराठीत सु. द. आणि सु. दा. यांच्यात निदान एका कान्याचा फरक उरतो. इंग्रजी आद्याक्षरांत दोघेही एस. डी. पाटीलच. पिनकोडही इथे कामाला येत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, पण त्याचे सहा आकडे पत्राला टपाल कचेरीपर्यंतच पोचवतात. पुढे पोस्टमनचा बीट एक, जिनाही एक. वेगळा असतो तो फक्त खोलीचा नंबर, आणि लिहिणाऱ्याकडून राहून जातो तोही तोच. जुना पोस्टमन अक्षरावरून आणि पाठवणाऱ्याच्या नावावरून पत्र कुणाचे ते ओळखतो. म्हणून कथेची सुरुवात तो रजेवर गेला आणि बदली पोस्टमन आला, त्या दिवशी करावी.

फोनचा घोटाळा वेगळा. टेलिफोन डिरेक्टरीत आडनाव आणि आद्याक्षरांच्या क्रमाने हे दोघे एकाखाली एक येतात. पत्ता न वाचता फोन करणारा वरचा नंबर फिरवतो. ओळखीच्या माणसाला आवाजावरून चूक लगेच कळते आणि "थांबा, शेजारी आहेत, बोलावतो" एवढ्यावर भागते. अनोळखी माणसाची चूक मात्र पुढे चालू राहते. पत्राची चूक तर पाकीट फोडेपर्यंत कळतच नाही, आणि वाचलेले न वाचलेले करता येत नाही.

या फरकावर कथा बेतता येते. बाराच्या दारात बँकेचे पत्र पडते. कर्जाचे चार हप्ते थकल्याचे वाचून झाल्यावर सु. द. यांना कळते की हे कर्ज आपले नव्हे. ते पाकीट डिंकाने चिकटवून तेराच्या दाराखालून सरकवतात. सु. दा. यांच्या बोटांना डिंकाचा ओलावा लागतो. दोघेही बोलत नाहीत. आठवड्याने बाराच्या घरात फोन वाजतो: "एस. डी. पाटील? हप्त्यांचं काय करताय?" "मी तो नव्हे" म्हणून फोन ठेवता येतो, किंवा शेजाऱ्याला हाक मारता येते. हाक मारली, तर सु. दा. यांना त्यांच्याच घरात उभे राहून, त्यांच्या बायकोमुलांसमोर बँकेला उत्तर द्यावे लागते.

वाचक एक प्रश्न हमखास विचारतो: दोघे सगळ्यांना नीट पत्ता का कळवत नाहीत? नातेवाइकांना कळवता येते, पण कचेऱ्यांच्या नोंदवहीतले नाव त्यांच्या हातात नसते, एवढे एका वाक्यात सांगून टाकावे. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा मोबाइल आल्यावर मात्र फोनचा धागा तुटतो आणि पत्राचा तेवढा उरतो.