४८ व्होल्ट आणि दोन तारांची बरोबरी

छोट्याशा मिक्सरवर एका कोपऱ्यात ‘48V’ असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की शेजारी लाल दिवा लागतो. साध्या गायनाच्या माइकला या बटणाची गरज पडत नाही. केबल लावली की तो बोलायला लागतो. कंडेन्सर माइक मात्र बटण दाबेपर्यंत ढिम्म असतो. रेकॉर्डिंगसाठी नवा माइक आणणाऱ्याला वाटतं, माइकच खराब निघाला. दुसरीकडे, ‘फँटम चालू केलं की बाकीचे माइक जळतात’ अशी धास्ती घेऊन बटणाला हातच न लावणारेही साउंडवाले भेटतात. हे बटण नेमकं काय करतं ते कळलं, तर धास्ती कुठे खरी आणि कुठे उगाच आहे हेही कळतं.

साधा माइक, म्हणजे डायनॅमिक माइक, स्वतःची वीज स्वतः तयार करतो. आत पातळ पडदा असतो, पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या खाचेत हलतं. आवाजाने पडदा हलला की वेटोळ्यात वीज उमटते. बाहेरून काही द्यावं लागत नाही.

कंडेन्सर माइकमध्ये वेटोळंही नसतं आणि चुंबकही नसतो. सोन्याचा अतिपातळ मुलामा दिलेला, जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि त्याच्या मागे केसाएवढीही फट न ठेवता बसवलेली धातूची चकती असते. पडदा आणि चकती यांच्यावर विद्युतभार साठवून ठेवायचा. आवाजाने पडदा आत-बाहेर झाला की फट कमी-जास्त होते, भार तेवढाच राहतो आणि म्हणून व्होल्टेज बदलतं. हा बदल म्हणजेच आपला आवाज. पडदा हलका, त्याला ओढायला वेटोळ्याचं वजन नाही. म्हणून तंबोऱ्याच्या जवारीतले किंवा तबल्याच्या चाटीवरचे बारकावे हा माइक सुरेख टिपतो. पण मुळात तिथे भार ठेवायला कुठून तरी वीज आली पाहिजे.

विजेची दुसरी गरज त्याहून मोठी आहे. पडदा आणि चकती यांची मिळून धारिता साधारण ५० पिकोफॅरड असते. माइकच्या केबलची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. हा नाजूक संकेत थेट १० मीटर केबलमध्ये सोडला, तर समोर १,००० पिकोफॅरडचा पसारा असतो आणि पलीकडे जेमतेम विसावा हिस्सा पोचतो. म्हणून माइकच्या दांड्यातच, पडद्याच्या अगदी लगत, एक छोटं सर्किट बसवावं लागतं. ते पडद्याकडून जवळजवळ काहीच न ओढता संकेत घेतं आणि लांब केबल पेलेल इतका दमदार करून पुढे पाठवतं. या सर्किटलाही वीज लागते. ‘इलेक्ट्रेट’ जातीच्या माइकमध्ये भार कायमचा बसवलेला असतो; बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये ही युक्ती काढली. पण आतलं सर्किट तिथेही असतंच, त्यामुळे विजेपासून त्याचीही सुटका नाही.

ट्रान्झिस्टर येण्याआधी या सर्किटात व्हॉल्व्ह असायचा. त्याला तापवायला वेगळी वीज लागायची, म्हणून प्रत्येक माइकबरोबर एक वजनदार पुरवठ्याचा डबा आणि जाड, अनेक तारांची केबल वागवावी लागे. ट्रान्झिस्टरने भूक इतकी कमी केली की डबा काढून टाकता येईल असं दिसू लागलं. १९६६ मध्ये जर्मनीतल्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी प्रसारण संस्थेला असे ट्रान्झिस्टरचे माइक दिले. तिथल्या स्टुडिओंमध्ये जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा मध्यवर्ती पुरवठा आधीच होता. तोच माइकसाठी वापरायचं ठरलं आणि ‘केएम ८४’ हा माइक ४८ व्होल्टवर बेतला गेला. हा आकडा पुढे जगभरचं मानक झाला.

आता खरी खुबी. माइकच्या एक्सएलआर केबलमध्ये तीनच जोडण्या असतात. पिन १ म्हणजे शील्ड, अर्थात जमीन. पिन २ आणि ३ वरून आवाज येतो. वीज नेण्यासाठी चौथी तार नाही. म्हणून मिक्सर ४८ व्होल्ट एकाच वेळी २ आणि ३ या दोन्ही तारांवर चढवतो, प्रत्येकीत ६.८ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून. परतीची वाट शील्डमधून. मिक्सर आवाज म्हणून वाचतो तो या दोन तारांमधला फरक. दोघींवर सारखेच ४८ व्होल्ट असल्याने वीज त्या फरकात दिसतच नाही. सारख्याच उंचीपर्यंत भरलेल्या दोन टाक्या नळाने जोडल्या तरी नळातून पाणी वाहत नाही, तसंच हे.

डायनॅमिक माइक बटण चालू असतानाही सुखरूप राहतो तो याच कारणाने. त्याचं वेटोळं पिन २ आणि ३ यांच्यामध्ये असतं, शील्डशी त्याचा संबंध नसतो. दोन्ही टोकांना ४८ व्होल्ट, म्हणून वेटोळ्यातून करंट शून्य. केबल धड असेल तर एकाच मिक्सरवर गायकाचा डायनॅमिक आणि तबल्याचा कंडेन्सर बिनघोर शेजारी नांदतात. जे काही बिघडतं, ते ही बरोबरी मोडली की बिघडतं.

पहिली मोडतोड बटण दाबण्याच्या क्षणीच होते. मिक्सरच्या आत, ४८ व्होल्ट पुढच्या अँप्लिफायरपर्यंत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक तारेत एकेक कपॅसिटर असतो. बटण दाबलं की ते भरू लागतात आणि भरताना दोन्ही अगदी बरोबरीने भरत नाहीत. तेवढ्यात फेडर वर असेल तर स्पीकरमधून धप्पकन दणका बसतो. मोठ्या सिस्टिमवर त्याने स्पीकरला इजा होऊ शकते आणि हेडफोन लावून बसलेल्याच्या कानाचीही खैर नाही. म्हणून क्रम पाळायचा: फेडर खाली, केबल लावा, मग बटण, अर्धा मिनिट थांबा आणि मग फेडर वर. बंद करताना उलटा क्रम. बटण बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे व्हायला मिनिटभर द्यायचं आणि नंतर केबल काढायची.

दुसरा धोका रिबन माइकला. त्यात दोनेक मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकात सैल टांगलेली असते आणि ती एका ट्रान्सफॉर्मरला जोडलेली असते. फँटम चालू असताना जॅक असलेल्या पॅच पॅनलमध्ये केबल खुपसली, तर जॅक आत सरकताना त्याचे भाग पत्त्यांना एकामागून एक घासतात. क्षणभर एका तारेला ४८ व्होल्ट आणि दुसरीला जमीन मिळते. तो झटका ट्रान्सफॉर्मरमधून उलट्या वाटेने जातो, करंट अनेक पटींनी वाढतो आणि पट्टी ताणली जाते. मग आवाज दबलेला, खर्जाला फाटका येतो. पट्टी बदलणं एवढाच इलाज.

तिसरा धोका माइकच नसलेल्या वस्तूंना. छोट्या मिक्सरवर बहुधा एकच बटण सगळ्या एक्सएलआर चॅनलना वीज देतं. गायकासाठी ते दाबलं आणि शेजारच्या चॅनलमध्ये कीबोर्ड किंवा लॅपटॉप एका ओबडधोबड केबलने एक्सएलआरमध्ये घुसवलेला असेल, तर ४८ व्होल्ट त्याच्या आउटपुटवर जातात. अशा केबलमध्ये पिन ३ बहुतेकदा शील्डलाच जोडलेली असते, म्हणजे बरोबरी आधीच मोडलेली. नुकसान कधी उपकरणाचं होतं, कधी मिक्सरचं. ४८ व्होल्टला भरलेला कपॅसिटर अचानक जमिनीला टेकला की सगळा भार अँप्लिफायरच्या तोंडात ओततो. गॅरी हेबर्ट आणि फ्रँक थॉमस यांनी २००१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात या प्रकारावर निबंध वाचला होता. रेझिस्टरमधून फार तर ७ मिलिअँपिअर येतात, पण कपॅसिटरचा हा झटका क्षणभर अँपिअरच्या घरात जातो. म्हणून लॅपटॉप आणि कीबोर्ड ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्समधूनच घ्यावेत.

सर्वांत जास्त वेळ खातो तो मात्र न जळणारा, अर्धवट बिघाड. समजा, माइक ३ मिलिअँपिअर ओढतो. दोन्ही तारा शाबूत असताना दोन रेझिस्टर मिळून ३.४ किलोओहम होतात, त्यात १० व्होल्ट खर्ची पडतात आणि माइकला ३८ मिळतात. आता पिन ३ चा डाग सुटला. सगळा करंट एकाच ६.८ किलोओहममधून येतो, २० व्होल्ट वाटेत जातात, माइकला २८ उरतात. बरेच माइक एवढ्यावरही चालतात, म्हणून संशय येत नाही. पण आवाज निम्म्यावर येतो, बरोबरी गेल्यामुळे हम घुसतो आणि गायिकेने तार सप्तकात जोर लावला की आवाज फाटतो. आपण गेन वाढवत बसतो आणि हमही तितकाच वाढतो.

हे ओळखायला मल्टिमीटर पुरतो. फेडर खाली ठेवून केबल मिक्सरला लावायची, फँटम चालू करायचं आणि माइकच्या टोकाला मोजायचं. पिन १ आणि २ मध्ये ४८ च्या आसपास, १ आणि ३ मध्येही तेवढेच, २ आणि ३ मध्ये जवळपास शून्य, म्हणजे केबल आणि मिक्सर ठीक. मानकात ४४ ते ५२ चालतात. १ आणि ३ मध्ये काहीच आलं नाही, तर ती तार तुटली आहे किंवा शील्डला टेकली आहे. दुसरी केबल लावून तेच वाचन आलं तर दोष मिक्सरच्या चॅनलमध्ये. दोन्ही वाचनं पंधरा-वीस व्होल्टच असतील तर मिक्सरचा पुरवठाच तोकडा आहे आणि तिथे माइकला दोष देण्यात अर्थ नाही.

तिन्ही वाचनं बरोबर येऊनही फँटम दिल्यावर तडतड ऐकू येत असेल, तर कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात संशय दमटपणावर घ्यावा. माइकच्या आतले रेझिस्टर अब्जावधी ओहमचे असतात; त्यावर ओल धरली की भार तिथून झिरपतो आणि तेलात मोहरी पडल्यासारखा आवाज येतो. केबलची खरखर केबल हलवली की बदलते, ही तडतड कशालाही हात न लावता चालू राहते. असा माइक उघडून पुसायला जाऊ नये. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी पुन्हा ऐकावा. तडतड गेली असेल तर माइक दुरुस्तीला पाठवायचं कारण उरत नाही. गेली नसेल तर पडद्यावर धूळ किंवा लाळ बसलेली असते, आणि ते काम कारागिराचं.