संपणारे काम आणि न संपणारे काम

बँकेच्या शाखेत सकाळी तिजोरी उघडायला दोन माणसे लागतात, कारण तिच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. दोघे मिळून रोकड बाहेर काढतात आणि ती मोजून काउंटरवर जाते. दिवसभर पैसे भरणे-काढणे, चेक, पासबुके चालू राहतात. संध्याकाळी रोखपाल हातातली रोकड संगणकातल्या आकड्याशी ताडून पाहतो. फरक आला तर तो शोधत बसावे लागते. जुळले की तिजोरी बंद होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ‘रोकड जुळवण्याचे काम पूर्ण झाले, आता पुढच्या महिन्यापासून जुळवायला नको,’ असे कुठल्याही शाखेत कोणी म्हणत नाही. शाखा आहे तोवर हे काम आहे. हे नित्यकाम.

त्याच शाखेत कधीकधी दुसऱ्या जातीचे काम येते. त्याला सुरुवातीची तारीख असते, शेवटची तारीख असते, आणि ते झाले की त्याची फाइल बंद करून कपाटात ठेवता येते. हा प्रकल्प. प्रकल्प म्हटले की धरण किंवा मेट्रो डोळ्यांसमोर येते. पण प्रकल्प असायला काम मोठे असावे लागत नाही. दोन्हींतला फरक नीट पाहायचा तर शाखेतली लॉकरची खोली सोयीची आहे, कारण तिथे २०२३ साली एकाच टेबलावर, एकाच अधिकाऱ्याच्या हातून ही दोन्ही कामे चालली होती.

लॉकरचे नित्यकाम साधे आहे. ग्राहक येतो, रजिस्टरवर वेळ टाकून सही करतो, अधिकारी सही ताडून पाहतो. बँकेची मास्टर चावी आणि ग्राहकाची चावी अशा दोन्ही लागल्या की लॉकर उघडतो. त्या दिवशी लॉकर उघडल्याचा संदेश ग्राहकाच्या मोबाइलवर दिवस संपण्याआधी जावा लागतो. दिवसाला कधी दोन जण येतात, कधी लग्नसराईत पंधरा. काम तेच, पायऱ्या त्याच. हे काम नीट चालले आहे याची खूण एवढीच की त्याची चर्चा होत नाही.

१८ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने लॉकरबाबत सुधारित सूचना काढल्या. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत लॉकरमधला ऐवज गेला, तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँकेची जबाबदारी राहील, अशी तरतूद त्यांत आली. नियम बदलले म्हणजे करार बदलला. नव्या ग्राहकाचा प्रश्न नव्हता, तो नव्या नमुन्यावर सही करणार. पण ज्यांनी दहा-वीस वर्षांपूर्वी सह्या केल्या होत्या, त्या सगळ्यांचे करार नव्याने करायचे होते. त्यासाठी आधी १ जानेवारी २०२३ ही मुदत होती. ती पाळली गेली नाही. २३ जानेवारी २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने मुदत ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वाढवली, पण नुसती वाढवली नाही. ३० जूनपर्यंत ५० टक्के आणि ३० सप्टेंबरपर्यंत ७५ टक्के करार व्हायला हवेत, असे मधले टप्पे घालून दिले.

मुदत चुकलेले काम मधल्या टप्प्यांसह पुन्हा सुरू होते, याचा अर्थ शाखेच्या पातळीवर पाहू. समजा, एका शाखेत ३२० लॉकर भाड्याने दिलेले आहेत. लॉकरचे काम पाहणाऱ्या बाई म्हणतात, “साहेब, ग्राहक लॉकर उघडायला येतीलच. आले की सही घेऊ.” ऐकायला हे अगदी शहाणपणाचे वाटते, कारण नित्यकामाची रीतच ही आहे: समोर येईल त्याचे काम करायचे. व्यवस्थापक विचारतात, “गेल्या वर्षभरात किती जण आले?” रजिस्टर उघडून मोजल्यावर निघतात १३०. उरलेले १९० वर्षभरात एकदाही फिरकले नव्हते. म्हणजे येईल त्याची सही या पद्धतीने वर्ष संपेपर्यंत फार तर १३० करार होतील, आणि जूनपर्यंत त्याच्या निम्मे. तोवर हवे आहेत १६०. हे काम काउंटरवर बसून होणारे नाही, हे या एका मोजणीने कळते.

वेळेचा हिशेबही मांडून पाहू. ग्राहकाला अटी समजावणे, मुद्रांक, सह्या, संगणकात नोंद असे धरून एका कराराला २५ मिनिटे लागली, तर ३२० करारांना सुमारे १३३ तास लागतात. रोज एक तास दिला तर कामाचे १३३ दिवस. फेब्रुवारी ते डिसेंबर शाखा त्याहून पुष्कळ जास्त दिवस उघडी असते. तेव्हा शाखेत वेळ कमी नाही, ग्राहकच शाखेत येत नाहीत. अडचण कुठे आहे हे आधी ओळखले नाही, तर एखादा व्यवस्थापक जादा माणूस मागत बसतो आणि तो माणूस रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतो.

म्हणून प्रकल्पाचा पहिला आठवडा सह्या घेण्याचा नसतो, यादी फोडण्याचा असतो. आपल्या शाखेतले १९० न आलेले ग्राहक असे निघाले: १२० गावातलेच, फोन केला तर येतील. ४० परगावी किंवा परदेशी, ते सुट्टीला कधी येतात ते विचारून ठेवावे लागेल. उरलेल्या ३० जणांचा फोन लागत नाही, पत्ता बदललेला आहे किंवा लॉकरधारक हयातच नाही. प्रत्येक गटाला वेगळी वाट लागते. पहिल्यांना दुपारी ठरलेल्या वेळी रोज तिघे असे बोलवायचे, दुसऱ्यांना गणपती-दिवाळीच्या सुट्टीत गाठायचे, तिसऱ्यांसाठी जुने अर्ज, दुसऱ्या खात्यांवरचे नंबर आणि टपाल पालथे घालायचे. त्याआधी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: कराराचा नमुना कोणता, मुद्रांक किती रकमेचा, तो बँक आणणार की ग्राहक? हे अर्धवट ठेवून ग्राहक बोलावले, तर त्यांना दुसऱ्यांदा बोलवावे लागते, आणि दुसऱ्यांदा ते येत नाहीत.

‘झाले’ म्हणजे काय, हेही प्रकल्पात आधी ठरवून घ्यावे लागते. नित्यकामात हा प्रश्न पडत नाही. रोकड जुळली की जुळली. इथे ग्राहकाची सही झाली म्हणजे करार झाला का? बँकेच्या वतीने सही हवी, संगणकात नोंद हवी, आणि दोन प्रतींपैकी एक ग्राहकाच्या हाती पडायला हवी. हे स्पष्ट नसले की विभागीय कार्यालयाला दर शुक्रवारी जाणारा आकडा फुगतो. कागदावर १६० करार होतात आणि ड्रॉवरमध्ये साठ करार बँकेच्या सहीची वाट पाहत पडलेले असतात. तपासणीला आलेला अधिकारी नेमका तोच ड्रॉवर उघडतो.

प्रगती मोजण्याची रीतही वेगळी. नित्यकामात रोजचा दिवस स्वतंत्र असतो, आज चूक झाली नाही म्हणजे आजचे काम उत्तम. प्रकल्पात आज काय झाले यापेक्षा किती उरले हे पाहावे लागते. आपल्या शाखेत एप्रिलमध्ये आठवड्याला दहा-बारा करार होत होते, जुलैत ते दोन-तीनवर आले. बाईंचा फोन करण्याचा नेम चुकला नव्हता. सोपे ग्राहक संपले होते, एवढेच. अशा वेळी तेच फोन आणखी जोराने करून उपयोग नसतो. पुढच्या गटाकडे आणि त्याच्या वाटेकडे वळावे लागते. शेवटच्या तीस नावांना आधीच्या शंभरांपेक्षा जास्त दिवस लागतात, हे धरूनच वर्ष आखायचे असते. टप्पे जूनला निम्मे आणि सप्टेंबरला पाऊण असे होते, त्याचा उपयोग इथे कळतो: शेवटच्या तिमाहीसाठी एक चतुर्थांशच काम उरते, पण ते सर्वांत चिवट असते.

३१ डिसेंबरला आपल्या शाखेचा ताळेबंद असा समजू: २९८ करार पूर्ण, १३ जणांनी फोन आल्यावर ‘आता लॉकर नकोच’ म्हणून तो परत केला, ९ शिल्लक. नवांपैकी चार जणांचे निधन झाले आहे. तिथे करार करून घेण्याचा प्रश्नच नाही, नामनिर्देशित व्यक्ती किंवा वारस यांचा दावा निकाली काढायचा आहे. पाच जण सापडलेले नाहीत. या नऊ नावांचे करायचे काय? प्रकल्प संपवणे हे वेगळे काम आहे, आणि ते बहुधा राहूनच जाते. यादी भिंतीवरून निघते, बाईंची बदली होते, नऊ नावे कोणाचीच उरत नाहीत. नीट संपवायचे तर ती नावे नित्यकामाच्या वहीत जायला हवीत, प्रत्येकापुढे जबाबदार माणूस आणि पुढच्या पाठपुराव्याची तारीख लिहून.

प्रकल्पाला नित्यकाम समजले की काय होते ते पाहिले. उलटी चूकही शाखेत सर्रास होते. ग्राहकांची केवायसी ठरावीक काळाने अद्ययावत करावी लागते: जास्त जोखमीच्या ग्राहकाची दोन वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीची आठ आणि कमी जोखमीची दहा वर्षांतून एकदा. म्हणजे दर महिन्याला काही खात्यांची मुदत भरतच राहणार. तरीही पुष्कळ ठिकाणी थकबाकी साचू देतात आणि मग ‘केवायसी पंधरवडा’ जाहीर करतात. फलक लागतो, टेबल मांडले जाते, आकडा खाली येतो, टाळ्या होतात. पुढच्याच महिन्यात नव्या खात्यांची मुदत भरते आणि वर्षाने पुन्हा पंधरवडा. जी मोहीम दरवर्षी त्याच कारणासाठी करावी लागते, ती मोहीम नव्हेच. ते कोणीतरी रोज करायला हवे असलेले आणि कोणालाच न दिलेले काम आहे. त्यावर उपाय फलकाचा नाही. दर महिन्याच्या सुरुवातीला त्या महिन्यात मुदत भरणाऱ्या खात्यांची यादी काढायची आणि ती एका माणसाच्या हाती द्यायची, एवढा आहे.

कामाच्या स्वरूपाकडे नुसते पाहून हा फरक कळत नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात आपल्या शाखेत एक नवा ग्राहक लॉकर घ्यायला येतो. बाई तोच नमुना काढतात, तसाच मुद्रांक, त्याच सह्या, तीच २५ मिनिटे. महिन्यापूर्वी असा प्रत्येक करार यादीतले एक नाव कमी करत होता. या कराराने कुठलीच यादी कमी होत नाही. बाई एक प्रत ग्राहकाच्या हातात देतात, दुसरी फाइलला लावतात आणि मास्टर चावी घेऊन त्याला लॉकर दाखवायला उठतात.