दोन रेघा उमटल्या म्हणजे एचआयव्ही झाला का?

प्राथमिक आरोग्य केंद्रात एक गरोदर बाई पहिल्या तपासणीला येते. तिच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब छोट्या पट्टीवर टाकतात, वरून द्रावण सोडतात आणि घड्याळाकडे पाहत थांबतात. 'सी' या अक्षरासमोर रेघ उमटलीच पाहिजे. ती नसेल तर चाचणी बाद समजून नवी पट्टी घ्यायची. 'सी'सोबत 'टी'समोरही रेघ आली, तर निकाल रिअॅक्टिव्ह. ठरलेली वेळ उलटून गेल्यावर एखादी फिकट रेघ दिसली, तर ती धरायची नाही.

समजा या बाईच्या पट्टीवर दोन्ही रेघा आल्या. तरीही तिला या घडीला 'तुला एचआयव्ही आहे' असं सांगणं चूक आहे. ही नुसती सावधगिरी नाही, त्यामागे साधं गणित आहे.

भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण हजारी सुमारे दोन आहे. म्हणजे एक लाख जणींची तपासणी केली तर त्यात 200 जणींना खरोखर लागण असेल. हिशेबापुरतं धरू, की चाचणी एकही खरी लागण चुकवत नाही आणि निरोगी माणसांत शंभरात एकदाच खोटी रेघ दाखवते. कागदावर ही चाचणी उत्तमच म्हणायची. पण उरलेल्या 99,800 निरोगी बायकांपैकी जवळपास 998 जणींच्या पट्टीवर खोटी रेघ येईल. एकूण रिअॅक्टिव्ह झाल्या 1,198 आणि त्यात खऱ्या फक्त 200. सहा जणींमागे एक!

म्हणून तिला आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात पाठवतात. तिथे आणखी दोन चाचण्या होतात. दुसऱ्या चाचणीत त्या 998मधल्या दहाएक जणीच उरतात आणि तिसरीनंतर जवळजवळ कुणीच नाही. अट एकच, तिन्ही चाचण्या वेगळ्या अँटिजनवर किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या हव्यात. एकाच कंपनीची तीच पट्टी तीनदा वापरली, तर ज्या कारणाने पहिली चुकली त्याच कारणाने पुढच्या दोन्हीही चुकतील आणि हा हिशेब कोसळेल. पहिली चाचणी एकही लागण न चुकवणारी निवडतात, पुढच्या दोन खोटी रेघ गाळणाऱ्या. तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच निकाल पॉझिटिव्ह. पुढच्या दोघींत एकमत झालं नाही, तर निकाल अनिश्चित लिहून दोन ते चार आठवड्यांनी नवं रक्त घेतात.

आता दुसरा माणूस घेऊ. पस्तिशीतला ड्रायव्हर, वर्षभरात वजन 62 किलोवरून 53 वर आलेलं, महिन्याहून जास्त दिवस जुलाब, जिभेवर पांढरा थर आणि तो खरवडला की खाली लालभडक. याच्यासाठी दोन चाचण्या पुरतात. विद्यार्थी हा फरक 'लक्षणं असतील तर दोन, नसतील तर तीन' असा पाठ करतात, पण कारण तेच गणित आहे. अशा लक्षणांच्या 1,000 रुग्णांत 100 जणांना लागण आहे असं धरा. पहिल्या चाचणीत खोट्या रेघा येतील फक्त नऊ आणि दुसरीत त्याही जवळपास संपतील. पट्टी तीच, रेघ तीच. ती कुणाच्या रक्तात उमटली यावर तिचा अर्थ ठरतो. रक्तपेढीत तर एकच चाचणी रिअॅक्टिव्ह आली तरी ती पिशवी वापरत नाहीत. तिथे प्रश्न पिशवीच्या सुरक्षिततेचा असतो, दात्याचं निदान त्यावरून करत नाहीत.

उलट बाजूची चूकही समजून घ्यायला हवी. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत बऱ्याच जणांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी असं काहीबाही होतं आणि आपोआप जातं. व्हायरल म्हणून ते सोडून दिलं जातं. त्या दिवसांत रक्तात विषाणू प्रचंड असतो, माणूस इतरांना सर्वांत सहज लागण देऊ शकतो आणि तरीही प्रतिपिंडं शोधणारी पट्टी कोरी येऊ शकते, कारण प्रतिपिंडं पुरेशी तयारच झालेली नसतात. हाच विंडो पीरियड. नव्या चाचण्या विषाणूचं पी-24 हे प्रथिनही शोधतात, त्यामुळे हा काळ आखडला आहे, पण शून्य झालेला नाही. म्हणून धोका नुकताच घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

बाळाच्या बाबतीत अडचण उलटी असते. आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे तोवर पट्टीवरची रेघ आईचीही असू शकते. त्यासाठी सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्तात थेट विषाणूचा डीएनए शोधतात.

सुरुवातीचा ताप ओसरला की उपचाराविना सरासरी आठ-दहा वर्षं काहीच जाणवत नाही. या शांत काळात सीडी-फोर पेशी घटत राहतात. निरोगी माणसात त्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण 500 ते 1,500 असतात. कोणता आजार कधी गाठेल, हे बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरतं. क्षयरोग मात्र कुठल्याही आकड्याला होतो आणि आपल्याकडे एचआयव्हीसोबत तोच सर्वाधिक दिसतो. 200च्या खाली न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, 100च्या खाली मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकस बुरशीचा मेंदूज्वर, 50च्या खाली डोळ्याचा पडदा खाणारा सायटोमेगॅलोव्हायरस.

आपल्या ड्रायव्हरचा आकडा 86 आला. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलंय आणि तोंडात बुरशी आहे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तो किमान तिसऱ्या टप्प्यात. त्याला खोकलाही आहे. इथे फसगत होते. क्षयाची ओळखीची पोकळी एक्स-रेवर दिसायला शरीराने जंतूंशी झुंज द्यावी लागते. इतक्या कमी पेशींत ती झुंजच दुबळी पडते, त्यामुळे एक्स-रे साधा वाटतो आणि थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह येते. तेवढ्यावर क्षय नाही म्हणायचं नाही. थुंकीतला जंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट चाचणी करायची. डोकं दुखतंय का, हे त्याला मुद्दाम विचारायचं. या आकड्याला क्रिप्टोकॉकसचं अँटिजनही रक्तात तपासतात. मेंदूज्वर निघाला तर टप्पा थेट चौथा.

एचआयव्हीची औषधं आजच सुरू करावीत असं वाटणं साहजिक आहे, पण इथे क्रम महत्त्वाचा आहे. क्षय असेल तर आधी त्याची औषधं आणि दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीची. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असेल तर बुरशीवरचा उपचार आधी आणि एचआयव्हीची औषधं चार ते सहा आठवडे थांबून. घाई केली तर सावरू लागलेली प्रतिकारशक्ती मेंदूतल्या बुरशीवर एकदम तुटून पडते, डोक्यातला दाब वाढतो आणि रुग्ण दगावू शकतो. न्यूमोसिस्टिस आणि टॉक्सोप्लाझ्मा टाळण्यासाठी कोट्रायमॉक्सॅझोलची स्वस्त गोळी रोज देतात.

2017पासून भारतात सीडी-फोरचा आकडा कितीही असो, निदान पक्कं झालं की औषधं द्यायची असं धोरण आहे. ती गरोदर बाई तिन्ही चाचण्यांत पॉझिटिव्ह ठरली, तर तिलाही त्याच आठवड्यात गोळ्या सुरू होऊ शकतात आणि बाळाला लागण होण्याची शक्यता खूपच घटते. म्हणून एका रिअॅक्टिव्ह पट्टीवर घाबरून घरी बसू नका आणि धोक्यानंतर लगेच आलेल्या एका कोऱ्या पट्टीवर विसंबूही नका. सरकारी आयसीटीसीत चाचणी मोफत आहे, निकाल गुप्त ठेवणं 2017च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि जवळचं केंद्र 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येतं.