गुणाकार न करता दहापट

दशमान संख्येच्या शेवटी शून्य लिहिले की ती दहापट होते. द्विमान संख्येच्या शेवटी शून्य लिहिले तर ती फक्त दुप्पट होते. म्हणजे द्विमान संख्या एक घर डावीकडे सरकवली की २ पट, तीन घरे सरकवली की ८ पट. आठ आणि दोन मिळून दहा, म्हणून दहापट करायला गुणाकाराचे सर्किट लागत नाही. त्याच संख्येच्या सरकवलेल्या दोन प्रतींची एक बेरीज पुरते. १३ ही संख्या (1101) घेतली तर:

```
 2x   00011010    26
 8x   01101000   104
10x   10000010   130
```

सरकवण्याला सर्किटमध्ये एकही गेट लागत नाही. किती घरे सरकायचे हे कायमचे ठरलेले असते, त्यामुळे तारा तेवढी घरे पुढे जोडल्या की काम झाले. खर्च उरतो तो अ‍ॅडरचा, आणि तोही वाटतो त्यापेक्षा कमी. ८ बिटांच्या संख्येसाठी उत्तर १२ बिटांचे असते, कारण २५५ ची दहापट २५५०. पण 8x ची खालची तीन घरे शून्यच असतात, त्यामुळे उत्तराची खालची तीन घरे 2x मधून जशीच्या तशी उतरतात. खरी बेरीज वरच्या आठ घरांतच होते आणि शेवटचा हातचा बारावे घर भरतो. १२ बिटांच्या उत्तराला ८ बिटांचा अ‍ॅडर पुरतो, हीच या रचनेतली खरी गंमत.

चुका मात्र ठरलेल्या जागी होतात. उत्तरासाठी ८ च बिट ठेवले तर २५ पर्यंत सारे ठीक चालते आणि २६ ला २६० ऐवजी ४ मिळतात. लहान आकड्यांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. दुसरी चूक कंसांची. सी आणि व्हेरिलॉग या दोन्ही भाषांत बेरीज आधी होते, सरकवणे नंतर, म्हणून कंस हवेतच:

```
y = (x << 3) + (x << 1);
```

गुणक कोणताही असो, त्याच्या द्विमान रूपात जितके एक, त्याहून एक कमी अ‍ॅडर लागतात. दहा म्हणजे 1010, म्हणून एकच. पंधरा म्हणजे 1111, म्हणजे तीन. तिथे सोळापटीतून मूळ संख्या वजा करणे स्वस्त पडते, कारण एका वजाबाकीत काम भागते.

आज व्हेरिलॉगमध्ये सरळ `x * 10` लिहिले तरी सर्किट तयार करणारे सॉफ्टवेअर बहुधा ही फोड आपणहून करते. ६५०२ सारख्या, गुणाकाराची आज्ञाच नसलेल्या प्रोसेसरवर मात्र ती प्रोग्रामरलाच लिहावी लागते. कीबोर्डवरून एकेक अंक येतो तेव्हा आधीची संख्या दहापट करून त्यात नवा अंक मिळवायचा, हा तिथला नेहमीचा प्रसंग.