खिडकीवरची वागणूक कशी तपासावी?

वेष पालटून रात्री नगरात हिंडणाऱ्या राजाच्या गोष्टी आपण सर्वांनी लहानपणी ऐकल्या आहेत. कामगार संघटनेच्या कामात आम्हांलाही ही युक्ती वापरावी लागते. मात्र आमच्यात राजा कोणी नसतो. सरकारी कचेरीच्या खिडकीशी मजुराला कसे वागवतात हे पाहायचे, तर संघटनेचा बिल्ला लावून जाण्यात अर्थ नाही. बिल्ला दिसला की खुर्ची पुढे येते, चहाही येतो. म्हणून जो कोणाच्या ओळखीचा नाही असा माणूस चौकशीला पाठवायचा आणि त्याने काय पाहिले ते टिपून ठेवायचे.

या कामात पहिली गोष्ट अशी की, बरोबर उत्तर कोणते, हे आपण आधी लिहून ठेवले पाहिजे. सन २०१४-१५ मध्ये मुंबईत व पाटण्यात संशोधकांनी २४ माणसांना क्षयरोग्याची भूमिका शिकवून खाजगी दवाखान्यांत पाठवले. अडीच हजारांवर भेटी झाल्या आणि शंभरांत सुमारे पस्तीस भेटींतच योग्य उपचाराची दिशा मिळाली. हा हिशेब लागू शकला, याचे कारण योग्य काय ते आधीच ठरलेले होते. नुसते 'डॉक्टर बरा वाटला' एवढ्यावर काहीच ठरले नसते.

आम्ही गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका कचेरीत ही तपासणी केली. कचेरीचे नाव सांगत नाही. प्रश्न एकच होता : बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करायची, तर ९० दिवस काम केल्याचा दाखला कोणाकडून आणायचा? उत्तर सोपे आहे. मागील बारा महिन्यांत ज्याच्याकडे काम केले त्या कंत्राटदाराकडून, किंवा गावात ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याकडून.

दोघे गवंडी पाठवले. दोघेही खरे मजूर, दुसऱ्या तालुक्यातले. लहान गावात चेहरा लगेच ओळखला जातो. एकाची बोली मराठी, दुसऱ्याची माडिया. वय सारखे, कपडेही सारखेच, कारण कपड्यांतही फरक असता तर पुढे जो भेद दिसेल तो भाषेमुळे की सदऱ्यामुळे, हे सांगता आले नसते. एके दिवशी एक आधी गेला, दुसऱ्या दिवशी दुसरा. चार दिवसांपैकी एक बाजाराचा दिवस होता. खोटा अर्ज करायचा नाही, पैशाचा विषय आपण होऊन काढायचा नाही, आणि रांगेतल्या गरजू माणसाचा वेळ खायचा नाही, एवढे त्यांना बजावले होते.

बाहेर आल्याबरोबर, चहाच्या टपरीवर, दोघांनी वेगवेगळे बसून कागद भरायचा. 'अपमान केला' असे लिहायचे नाही. किती मिनिटे उभे ठेवले, 'तू' म्हटले की 'तुम्ही', उत्तर काय दिले, कोणाकडे धाडले, एवढेच. कारकून एकदम उठून उभा राहिला, नाव-गाव विचारू लागला, तर आपण ओळखलो गेलो असे समजून तो कागद बाजूला ठेवायचा.

आठही कागद आले तेव्हा बाजाराच्या दिवशी दोघांनाही 'उद्या या' असे उत्तर मिळालेले दिसले. तो गर्दीचा दोष. त्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. उरलेल्या तीन दिवसांत मराठी बोलणाऱ्याला तिन्ही वेळा 'तुम्ही' आणि बरोबर उत्तर मिळाले. माडिया बोलणाऱ्याला तिन्ही वेळा 'तू', आणि दोन वेळा 'कुणाला तरी घेऊन ये'. ते 'कुणाला तरी' म्हणजे कोण, हे जंगलातल्या मजुरांना विचारावे. तो असतो दलाल.

टेलिफोनची तपासणी याहून सोपी. सकाळी, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि कचेरी सुटण्यापूर्वी, अशा तीन वेळी घंटी वाजवायची; किती वेळा वाजली आणि उचलणाऱ्याने उत्तर दिले की दुसरा क्रमांक दिला, ते लिहायचे.

आमच्यातच यावर वाद झाला. काही म्हणाले, त्या कारकुनाची तक्रार करा. आमचे मत निराळे पडले. तोही पगारावर राबणारा माणूस; शिवाय दोघांचे काम एकटा करीत होता आणि माडियाचा एक शब्दही त्याला येत नव्हता. एका माणसाच्या तीन दिवसांवरून त्याची नोकरी धोक्यात आणणे न्यायाचे नव्हे. खिडकीमागे फाईल कुठे अडते, हेही या तपासणीत दिसत नाही. म्हणून आम्ही नाव वगळून कागद वरिष्ठांना दाखवले आणि दोनच गोष्टी मागितल्या : दाखला कोण देतो हे मराठी व माडिया अशा दोन्ही भाषांत खिडकीशेजारी लिहावे, आणि बाजाराच्या दिवशी माडिया जाणणारा शिपाई तिथे बसवावा.

पाटी लागली. शिपाई मिळाला नाही. दोन महिन्यांनी नवे दोघे पाठवले, तेव्हा माडिया गवंड्याला बरोबर उत्तर मिळाले. 'तू' मात्र तसेच राहिले होते.