पहिल्या तासाचा कागद

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. तरीही बाजारपेठेतल्या एका सहकारी बँकेच्या व्यवसाय सातत्य आराखड्यात पुराविषयी एकच वाक्य होते : ‘पूरपरिस्थिती उद्भवल्यास संबंधित विभागांनी तातडीने योग्य ती कार्यवाही करावी.’

हा भाग नव्याने लिहायला बसलेल्यांनी आधी त्या वाक्यालाच प्रश्न विचारले. पूर आला हे कोण ठरवणार? संबंधित म्हणजे कोण? तातडीने म्हणजे किती वाजेपर्यंत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळाले. पुलावरची पातळी 35 फुटांवर पोहोचली आणि पाणी चढते असेल, किंवा महावितरणने परिसराची वीज तोडली, तर योजना सुरू. दोन्हींपैकी एक गोष्ट पुरे. इशारा पातळीची वाट पाहिली असती, तर रोकड हलवायला रस्ता मोकळा मिळेलच असे नव्हते. पाणी ओसरले तर अर्ध्या दिवसाचे काम वाया जाईल, एवढे नुकसान बँकेला मान्य आहे, हेही तिथेच लिहिले. नाहीतर घोषणा करणारा अधिकारी कचरतो.

मग माणसे. घोषणा ड्यूटी अधिकारी करेल. अध्यक्षांना फोन लागला नाही तरी थांबणार नाही. प्रत्येक कामापुढे एक पद आणि एक पर्यायी पद आले. तिजोरीपाशी मात्र पेच पडला. ती दोन अधिकाऱ्यांच्या किल्ल्या एकत्र लागल्याशिवाय उघडत नाही, आणि त्यातला एक अधिकारी नदीपलीकडे राहणारा. म्हणून पावसाळ्यापुरत्या दोन्ही किल्ल्या अलीकडच्या काठावर राहणाऱ्यांकडे सोपवायचे ठरले.

पहिल्या तासात क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. पहिल्या दहा मिनिटांत घोषणा आणि वेळेची नोंद. तिसाव्या मिनिटापर्यंत संगणक विभाग कामकाज दुसऱ्या शहरातल्या पर्यायी केंद्रावर वळवतो आणि शेवटचा व्यवहार तिथे पोहोचला का ते ताडून पाहतो. तो जुळल्यावरच इथले सर्व्हर रीतसर बंद होतात, आणि त्यानंतर मेन स्विच. घाईत कोणी आधी वीज तोडली, तर अर्धवट नोंदी राहतात आणि हिशेब जुळवण्यात पुढचे कित्येक दिवस जातात. रोकड गाडी बोलावण्याचे काम याच वेळी रोखपाल करतो. त्याने कोणाची वाट पाहायची नसते. साठाव्या मिनिटाला सर्वांचा एक फोन : काय झाले, काय राहिले.

मसुदा तपासायला दुसऱ्या शाखेतल्या एका कारकुनाला बोलावले. त्याने आराखडा आधी पाहिलेला नव्हता. कागद हातात देऊन घड्याळ लावले. तो दुसऱ्याच ओळीवर अडला : पुलावरची पातळी बघायची कुठे? जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक त्याच ओळीत लिहिला गेला, आणि पावसाळ्यात दर तीन तासांनी तिथे फोन करून आकडा वहीत नोंदवण्याचे काम रात्रीच्या सुरक्षारक्षकाकडे आले.